चार हजार चारशे रुपये गेले कुठे?

एका छोट्या दुकानाच्या तेरजेचा स्क्रीनशॉट. नावे बाजूची बेरीज ४,१२,७०० रुपये, जमा बाजूची ४,०८,३००. फरक ४,४०० रुपयांचा.

जाणकार हिशेबनीस आधी दोन्ही रकाने स्वतः पुन्हा जोडतो आणि चित्रात खालची एखादी ओळ कापली गेली नाही ना, हे पाहतो. इथे बेरजा बरोबर निघाल्या. मग ४,४०० ही रक्कम नोंदींत शोधायची, कारण व्यवहाराची एकच बाजू खतावली गेली असेल तर फरक तेवढाच पडतो. तशी नोंद सापडली नाही. फरकाला ९ ने निःशेष भाग गेला असता, तर ५४० ऐवजी ४५० अशी अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय आला असता. ४,४०० ला तो जात नाही.

उरला फरकाचा निम्मा भाग: २,२००. चुकीच्या बाजूला गेलेली रक्कम एका रकान्यात वाढते आणि दुसऱ्यात कमी पडते, म्हणून फरक दुप्पट दिसतो. नावे रकान्यात ‘मिळालेली सूट २,२००’ ही ओळ होती. पुरवठादाराने दिलेली सूट हे दुकानाचे उत्पन्न, म्हणजे तिची जागा जमेला. ती हलवताच दोन्ही बेरजा ४,१०,५०० झाल्या.

तरी स्क्रीनशॉटमध्ये फक्त शिल्लक दिसते. ही चूक तेरीज उतरवताना झाली की खतावताना, हे खातेवही उघडल्यावरच कळते. शिवाय यंत्राची खरेदी मालाच्या खरेदी खात्यात गेली असेल, तर बेरजा जुळूनही चूक तशीच राहते.