उसाचे हप्ते आणि XNPV: पहिली ओळ शून्याची

नांदेड-लातूरकडं उसाचं बिल हप्त्याहप्त्यानं येतं. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ म्हणतो, ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्या, नाहीतर १५ टक्के व्याज. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे!

मी एक काल्पनिक हिशोब मांडतो. टनामागं २,८०० रुपये, मुदत १५ डिसेंबर २०२४. हप्ते असे: १० जानेवारीला २,०००, १ एप्रिलला ५००, १५ ऑक्टोबरला ३००. NPV हे फंक्शन हप्त्यांमधलं अंतर सारखंच धरतं, म्हणून इथं XNPV लागतं. A मध्ये तारखा, B मध्ये रकमा:

```
=XNPV(12%,B2:B5,A2:A5)
```

तीन हप्ते, मग ओळी चार कशा? XNPV पहिल्या ओळीची तारीख म्हणजे ‘आज’ धरतं आणि तिथून दिवस मोजून ३६५ नं भागतं. म्हणून पहिली ओळ १५ डिसेंबर, रक्कम शून्य. उत्तर साधारण २,७४०.५६, म्हणजे उशिरापायी टनामागं ५९ रुपये गेले. शून्याची ओळ विसरलात तर २,७६२.७७ येतं, पहिले २६ दिवस फुकटात जातात.

दुसरा घोळ तारखेचा. 10/01/2025 लिहिलं की अमेरिकन सेटिंगवाला एक्सेल १ ऑक्टोबर समजतो, आणि चूक दाखवतही नाही. म्हणून शेजारी =A3-A2 करून बघा. २६ आलं तर ठीक, २९० आलं तर तारीख उलटली.