पेटीच्या कडेवरची रेघ

व्हिडिओ गेममधली एखादी जुनी लाकडी पेटी जवळ जाऊन पाहिली, तर तिच्यावर लाकडाचे तडे, खिळ्यांची डोकी, हाताळून गोल झालेल्या कडा असं सगळं दिसतं. आकृती म्हणून मात्र ती बहुधा साधा ठोकळा असते. सहा बाजू, आठ कोपरे, बारा त्रिकोण, एवढंच. बाकीचा सगळा तपशील एका निळसर-जांभळ्या चित्रात असतो. या चित्राला नॉर्मल मॅप म्हणतात, आणि ते तयार करण्याच्या कामाला ‘बेक करणं’.

बेक करायला दोन पेट्या लागतात. पहिली हाय-पॉली: कलाकाराने माती कोरावी तशी संगणकात कोरलेली, लाखो त्रिकोणांची. दुसरी लो-पॉली, म्हणजे आपला ठोकळा. दोन्ही एकाच जागी, एकात एक ठेवायच्या. मग संगणक ठोकळ्याच्या पृष्ठभागावरच्या प्रत्येक ठिकाणाहून एक किरण सोडतो आणि तो कोरीव पेटीला जिथे लागेल तिथला पृष्ठभाग कोणत्या दिशेला तोंड करून आहे, हे रंगाच्या रूपात टिपतो. खेळाच्या वेळी प्रकाशाचा हिशेब करताना हीच दिशा वापरली जाते, त्यामुळे सपाट फळीवर तडा असल्याचा भास होतो. भासच तो. पेटीची बाह्यरेषा ठोकळ्याचीच राहते, तिला नॉर्मल मॅप हात लावू शकत नाही. प्रकाशाला फसवून सुरकुत्या दाखवण्याची कल्पना जिम ब्लिन यांनी 1978 मध्ये मांडली होती. 2004 च्या ‘डूम 3’ या गेमनंतर ही युक्ती घरोघरच्या संगणकांवर दिसू लागली.

हे चित्र ठोकळ्यावर चढवायचं तर ठोकळा आधी उलगडून सपाट करावा लागतो. या सपाट नकाशाला यूव्ही म्हणतात. उलगडताना काही कडा कापाव्या लागतात आणि नेमक्या तिथेच, खेळात, एक नको असलेली रेघ उमटते. नवशिका कलाकार मग फोटोशॉप उघडून त्या रेघेवर ब्रश फिरवतो, दोन्हीकडचे रंग एकमेकांत मिसळतो. रेघ जात नाही, उलट रुंद होते. कारण ती रेघ चित्रात नसतेच.

नॉर्मल मॅपमधल्या प्रत्येक रंगाचे तीन आकडे असतात. लाल आकडा सांगतो डावीकडे की उजवीकडे, हिरवा सांगतो वर की खाली, निळा सांगतो किती बाहेर. 128, 128, 255 हा फिकट जांभळा म्हणजे ‘सरळ बाहेर’. पण डावं-उजवं कोणाचं? ठोकळ्याच्या त्या-त्या जागेचं. पत्ता सांगणाऱ्याने ‘डावीकडे वळा’ म्हटलं, तरी आपण कुठून येतोय हे त्याला माहीत नसेल तर त्या ‘डावीकडे’ला अर्थ उरत नाही. तसंच इथे आहे: रंग हा निम्मा निरोप, उरलेला निम्मा ठोकळ्याच्या जाळीत आणि यूव्हीच्या वळणात असतो. म्हणून कापलेल्या कडेच्या दोन्ही बाजूंना नीट बेक झालेल्या नॉर्मल मॅपमध्ये बरेचदा वेगळेच रंग दिसतात, आणि ते तसेच असायला हवेत. दोन वेगवेगळ्या रंगांतून एकच खरी दिशा निघते. बेक करताना धरलेलं ‘सरळ’ आणि खेळात धरलेलं ‘सरळ’ यांत फरक पडला, की तो फरक रेघ होऊन दिसतो.

आता पेटी घेऊ. थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये कडा ‘सॉफ्ट’ किंवा ‘हार्ड’ ठरवता येते. सगळ्या कडा सॉफ्ट ठेवल्या तर प्रत्येक कोपऱ्याची दिशा तिथे भेटणाऱ्या तीन बाजूंची सरासरी होते, म्हणजे प्रत्येक बाजूच्या खऱ्या दिशेपासून जवळजवळ 55 अंश कललेली. ठोकळा मग फुगलेल्या उशीसारखा रंगतो. तो पुन्हा सपाट दिसावा म्हणून नॉर्मल मॅपला कोपऱ्यापाशी 55 अंशांची दुरुस्ती करावी लागते. तिथला निळा आकडा 255 वरून साधारण 201 वर येतो आणि सगळ्या फळीभर रंगांचे मोठे चढउतार पसरतात. गणिताने हे बरोबर आहे. पण प्रत्येक रंगाला पायऱ्या फक्त 256, आणि गेममध्ये जाताना चित्र आणखी दाबून लहान केलं जातं. चकचकीत वस्तूवर या पायऱ्या पट्ट्यांसारख्या दिसतात. पेटीसारख्या काटकोनी वस्तूला ही पद्धत मला तरी पटत नाही.

म्हणून कडा हार्ड करायच्या. मग प्रत्येक फळीची दिशा सरळ, आणि मॅपवर दुरुस्तीचा भार नाही. इथे पहिली खरी चूक होते. पेटी पुठ्ठ्याच्या खोक्यासारखी क्रॉसच्या आकारात उलगडली, तर तिच्या बारा कडांपैकी सात कापल्या जातात आणि पाच जोडलेल्या राहतात. बेक करून पाहिलं, तर बारीक रेघ नेमकी त्या पाच न कापलेल्या कडांवर येते. उलटं वाटेल, पण कारण सरळ आहे. न कापलेल्या हार्ड कडेवर चित्राचा एकच ठिपका दोन फळ्यांच्या वाट्याला येतो. तो बेक झाला एका फळीच्या ‘सरळ’ने, आणि वाचला जातो दुसऱ्या फळीच्याही ‘सरळ’ने. शिवाय संगणक शेजारच्या ठिपक्यांची सरासरी घेऊनच रंग दाखवतो, त्यामुळे गोंधळ दोन्हीकडे पसरतो. उपाय असा की त्या पाचही कडा यूव्हीत कापायच्या आणि सहा फळ्यांची सहा सुटी बेटं करायची. जिथे हार्ड कड, तिथे यूव्ही कापलेली हवीच. यूव्ही कापली म्हणून कड हार्ड करायची मात्र गरज नाही.

बेटं सुटी केली तरी कडेवर दुसऱ्या प्रकारची रेघ राहू शकते. कोरीव पेटीच्या कडा घासून गोल झालेल्या आहेत. ठोकळ्याच्या फळीवरून किरण अगदी काटकोनात सुटले, तर एका फळीचे किरण वर जातात, शेजारचीचे बाजूला, आणि दोहोंच्या मधे एक फट राहते. गोलाईचा काही भाग कोणालाच दिसत नाही. मॅपमध्ये गोलाई अर्धी कापली जाते आणि खेळात कड सुरीसारखी धारदार दिसते. यासाठी केज वापरतात: ठोकळ्याचीच थोडी फुगवलेली प्रत, जिच्या कडा फाटलेल्या नाहीत. किरण या केजवरून आत सोडले, की कडेपाशी ते तिरके होतात आणि संपूर्ण गोलाई दोन्ही फळ्यांत वाटली जाते. ब्लेंडरमध्ये आधी कोरीव पेटी आणि मग ठोकळा निवडून `Selected to Active` लावतात, आणि `Cage`वर खूण केली की असा केज आपोआप तयार होतो. `Extrusion` म्हणजे तो किती फुगवायचा. मीटरभर पेटीला दोन-तीन सेंटिमीटर बहुधा पुरतात. कमी पडले तर बाहेर आलेले खिळे कापले जातात, जास्त झाले तर किरण शेजारच्याच कडीला जाऊन लागतात.

केजचाही एक दोष आहे. किरण तिरके झाले म्हणजे कडेजवळच्या खिळ्याचं डोकं एका बाजूने पाहिल्यासारखं, कललेलं उमटतं. फळीच्या मधला खिळा मात्र ठीक. यावर इलाज म्हणजे कडेपासून थोडं आत, ठोकळ्यावर जादा रेषा घालणं. त्यांच्या आतल्या भागात किरण पुन्हा सरळ होतात. त्रिकोण थोडे वाढतात, पण पेटी हातात घेऊन पाहायची असेल तर ते परवडतं.

मग पॅडिंग. प्रत्येक बेटाच्या काठावरचा रंग बाहेरच्या मोकळ्या जागेत थोडा ओढून न्यायचा असतो. गेम लांबच्या वस्तूंसाठी चित्राच्या निम्म्या-निम्म्या होत गेलेल्या प्रती वापरतो, त्यांना मिपमॅप म्हणतात. 2048 ठिपक्यांच्या चित्रात 16 ठिपक्यांचं पॅडिंग असेल तर ते पुढच्या प्रतीत 8, मग 4, मग 2, आणि 128 ठिपक्यांच्या प्रतीत फक्त 1 उरतं. त्यापुढे मागची पार्श्वभूमी किंवा शेजारचं बेट आत झिरपतं. जवळून स्वच्छ, लांब गेलं की उजळ रेघ, असं दिसलं तर दोष पॅडिंगचा. बेटं अगदी चिकटवून रचली असतील तर पॅडिंग वाढवूनही उपयोग नाही, कारण पसरायला जागाच नसते.

या सगळ्याच्या वर एक करार लागतो. ‘सरळ’, ‘डावं’, ‘वर’ या तीन दिशा प्रत्येक ठिपक्यावर कशा काढायच्या याची रीत बेक करणाऱ्या आणि दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची एकच हवी. पूर्वी ज्याची त्याची रीत वेगळी होती, आणि एका ठिकाणी निर्दोष दिसणारा मॅप दुसरीकडे फाटायचा. मॉर्टन मिकेलसेन यांच्या कोपनहेगन विद्यापीठातल्या 2008 च्या प्रबंधातून आलेली मिकटीस्पेस ही रीत आता ब्लेंडर, अनरिअल, युनिटी वगैरे ठिकाणी चालते. थ्रीडी मॉडेल्सच्या glTF 2.0 या प्रमाणातही, फाइलमध्ये दिशा दिलेल्या नसतील तर हीच रीत धरायला सांगितली आहे. पण रीत एक असूनही त्रिकोण वेगळे पडले तर हिशेब चुकतो. चौकोनी फळी दोन कर्णांपैकी कोणत्याही एकाने कापता येते. ब्लेंडरने एक धरला आणि गेमने दुसरा, तर कडा सॉफ्ट असलेल्या वस्तूवर सपाट भागातच फुलीसारखी सावली उमटते. म्हणून बेक करण्याआधीच त्रिकोण पाडून घ्यावेत आणि तीच जाळी पुढे पाठवावी.

रेघ कशामुळे आहे हे ओळखायला पेटीला एकरंगी राखाडी, थोडं चकचकीत साहित्य द्यावं आणि दिवा तिच्याभोवती फिरवावा. संपूर्ण बेटंच्या बेटं वेगवेगळी उजळ-काळी होत असतील, तर बेकला दोष देण्याआधी चित्राचं `Color Space` पाहावं. नॉर्मल मॅप म्हणजे फोटो नव्हे, आकड्यांचा तक्ता. तो `sRGB` म्हणून वाचला गेला, तर 128 चा अर्थ ‘मध्य’ राहत नाही आणि सरळ असायला हवी ती दिशा जवळजवळ 39 अंश कलते. प्रत्येक बेट नकाशात वेगळ्या दिशेने ठेवलेलं असल्याने ते वेगळ्या बाजूला कलतं, आणि सगळ्या कडा एकदम फाटल्यासारख्या दिसतात. `Non-Color` केलं की क्षणात सगळं जुळतं.

आणि बेटं नीट जुळली, तरी तडे खोल न दिसता उंचवट्यासारखे दिसले, तर हिरव्या आकड्याचं ‘वर’ उलटं आहे. ब्लेंडर आणि युनिटी हिरव्याची वाढ वरच्या दिशेला मानतात, अनरिअल खालच्या. पेटी अनरिअलला जायची असेल तर ब्लेंडरच्या बेकमध्ये `G` समोर `+Y` ऐवजी `-Y` निवडावं, नाहीतर अनरिअलमध्ये त्या चित्राच्या `Flip Green Channel`वर खूण करावी. दोन्हीकडे केलं तर तडे पुन्हा वर येतात.