पाहुण्यांना एकदाच बोलवा: स्नेहसंमेलनाचं निवेदन आणि त्याची इंग्रजी जोड

घुग्घुससारख्या गावात शाळेचं स्नेहसंमेलन असलं की पहिल्या चार रांगांत चार भाषा बसलेल्या असतात. कोळसा खाणी आणि सिमेंट कारखान्यामुळे इथे तेलुगू बोलणारी, हिंदी बोलणारी, बंगाली बोलणारी घरं आहेत. म्हणून शाळा म्हणते, निवेदन मराठीत लिहा आणि पाहुण्या पालकांसाठी थोडं इंग्रजीतही द्या. (हिंदी जास्त जणांना कळेल, हे माझंही मत आहे. पण इंग्रजी हवं असा आग्रह असेल, तर ते नीट तरी व्हावं.)

बहुतेक ठिकाणी काय होतं? पूर्ण मराठी परिच्छेद वाचतात आणि मग त्याचंच इंग्रजी भाषांतर. इथेच गाडी अडते. "प्रमुख पाहुण्यांनी दीपप्रज्वलन करावं, अशी मी विनंती करते," हे वाक्य झालं की पाहुणे उठतात. ते समईपर्यंत अर्धं अंतर जातात, तोच माईकवरून पुन्हा, "नाऊ आय रिक्वेस्ट अवर चीफ गेस्ट..." पाहुणे थांबतात, मागे वळून बघतात. नाचाच्या वेळी तर गाणं सुरू झालेलं असतं आणि इंग्रजी त्यात बुडून जातं.

याचं कारण जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने फार छान सांगून ठेवलं आहे. हार्वर्डमध्ये १९५५ साली दिलेल्या त्याच्या व्याख्यानांचं पुस्तक १९६२ मध्ये निघालं. त्याचं म्हणणं असं की, काही वाक्यं माहिती देत नाहीत, ती काम करतात. "मी विनंती करते" म्हणणं हीच विनंती. आता काम एकदा झालं, की ते दुसऱ्या भाषेत परत करता येत नाही. माहिती मात्र हव्या तितक्या भाषांत सांगता येते. (म्हणूनच "विनंती करू इच्छिते" मला खटकतं. इच्छा नुसती सांगता कशाला? करून टाका की विनंती!)

तेव्हा प्रत्येक निवेदनाचे दोन भाग वेगळे लिहा: ओळख आणि पुकारा. क्रम असा ठेवा: मराठी ओळख, मग इंग्रजी, आणि शेवटी पुकारा, तोही एकदाच, मराठीत.

एक उदाहरण करून बघू. आठवीची मुलं दंडार सादर करणार आहेत. मराठी ओळख अशी लिहिता येईल:

"दिवाळी आली, धान घरात येऊ लागलं, की आपल्या झाडीपट्टीतल्या गावांना दंडारीचे वेध लागतात. गाणं, नाच आणि पोट धरून हसवणारे संवाद, सगळं एकाच खेळात! आजच्या खेळात एक लोभी सावकार आहे, आणि त्याला पुरून उरणारा एक शेतकरी."

आता इंग्रजी. दिवाळी, धान, वेध यांचं भाषांतर करत बसू नका. ती मराठी माणसाच्या आठवणीला दिलेली हाक आहे. ज्याच्याकडे ती आठवण नाही त्याला ती नुसती लांबण वाटेल. पाहुण्या पालकाला तीनच गोष्टी हव्या असतात: हे काय आहे, गोष्ट काय आहे, आणि लक्ष कुठे ठेवायचं.

"डिअर पेरेंट्स, / दंडार इज अ फोक प्ले ऑफ अवर रीजन. / टुनाइट, अ क्लेव्हर फार्मर ट्रिक्स अ ग्रीडी मनीलेंडर. / वॉच द फार्मर्स वाइफ. / शी इज प्लेड बाय अ बॉय, / ॲज इन द ओल्ड डेज."

पंधरा सेकंदांत संपतं. "दंडार" हा शब्द तसाच ठेवला, कारण नुसतं "फोक डान्स" म्हटलं तर पालक संवादांच्या वेळी गोंधळतात. इंग्रजी देवनागरीत लिहिलं, कारण मंचावरच्या उजेडात मूल स्पेलिंग वाचत बसत नाही. आणि तिरप्या रेघा म्हणजे श्वास घ्यायच्या जागा. मग माईक मराठी निवेदिकेकडे: "तर मंडळी, सादर होत आहे, दंडार!" आणि पडदा.

औपचारिक भागात तर शब्दशः जाऊच नका. "दोन शब्द बोलावेत" याचं "टू वर्ड्स" केलं तर पाहुणे बिचारे खरंच अवघडतील; "ॲड्रेस अस" पुरे. आभारप्रदर्शन म्हणजे "व्होट ऑफ थँक्स". "शब्दसुमनांनी स्वागत" इंग्रजीत "वेलकम" एवढंच उरतं, आणि तेवढंच बरं.

एक अडचण उरते. मंचावर नेपथ्य लागायला उशीर झाला, की निवेदिकेला वेळ भरून काढावा लागतो. तो मराठीत भरा. त्यासाठी प्रत्येक कार्यक्रमामागे दोन-तीन जादा मराठी वाक्यं कागदाच्या तळाशी लिहून ठेवा. इंग्रजी ताणलं की मूल अडखळतं.

रंगीत तालमीला मराठी न येणारे एखादे पालक शेवटच्या रांगेत बसवा. पडदा उघडल्यावर ते शेजाऱ्याकडे वळून काही विचारू लागले, तर त्या कार्यक्रमाचं इंग्रजी पुन्हा लिहायला घ्या.