'काळे' आधी की 'कासार'? ॲपच्या यादीत मराठी नावं चुकीच्या क्रमाने का लागतात?

समजा, कल्याण-कसारा मार्गावरच्या खडवलीत एका सोसायटीने सभासदांची यादी ॲपमध्ये टाकली. नावं मराठीत भरली आणि 'अ ते ज्ञ' क्रम लावला. स्क्रीनवर यादी अशी दिसली:

अहिरे, काळे, कासार, कोळी, क्षीरसागर, खरात, हिवाळे, ॲड. जोशी

मराठी वर्णमालेप्रमाणे ती अशी हवी होती:

अहिरे, ॲड. जोशी, कासार, काळे, कोळी, खरात, हिवाळे, क्षीरसागर

क्षीरसागर आपलं नाव शोधायला यादीच्या तळाशी जातात. तिथे ते नसतं, कारण ते मध्येच, 'कोळी' आणि 'खरात' यांच्यामध्ये अडकलंय. आठ नावांत ते सापडेल. पण आठशे नावांची यादी असेल, तर 'माझं नाव यादीत नाही' असा समज होऊ शकतो.

नेमकं काय घडतं?

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला एक क्रमांक आहे. ॲपला वेगळं काही सांगितलं नसेल, तर ते हे क्रमांकच लहान-मोठे लावतं. पण हे क्रमांक मराठी वर्णमालेसाठी ठरवलेले नाहीत. भारतीय लिप्यांसाठी आधी 'इस्की' नावाचं मानक होतं, त्याचीच मांडणी युनिकोडने घेतली. देवनागरीच्या एकाच तक्त्यात हिंदी, मराठी, नेपाळी, संस्कृत सगळ्यांना बसवलं.

त्या तक्त्यात 'ल' U+0932 वर आहे आणि 'ळ' लगेच U+0933 वर. 'स' त्यानंतर, U+0938 वर. म्हणून 'काळे' हे 'कासार'च्या आधी येतं. मराठीत मात्र 'ळ' हा 'ह'नंतर येतो. राज्य शासनाने २००९ मध्ये मराठी वर्णमालेचा निर्णय काढला, त्यातही 'ळ' आणि त्यानंतर 'क्ष', 'ज्ञ' शेवटी आहेत.

'क्ष'ची अडचण वेगळी आहे. युनिकोडमध्ये 'क्ष'ला स्वतःचा क्रमांकच नाही. तो 'क', हलंत आणि 'ष' असा तीन तुकड्यांत साठवला जातो. पहिला तुकडा 'क' असल्यामुळे तो 'क'च्या घरात राहतो. हलंताचा क्रमांक मात्रांच्या नंतरचा, म्हणून तो 'को', 'कौ' यांच्याही मागे जातो. 'ज्ञानेश्वर' हे नाव याच कारणाने 'ज'मध्ये सापडतं.

'ॲड.' सर्वात शेवटी का गेलं?

'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये उशिरा, २००८ मध्ये आलं. तोपर्यंत स्वरांच्या ओळीत जागा उरली नव्हती, त्यामुळे त्याला U+0972 हा क्रमांक मिळाला, म्हणजे 'ह'च्याही पुढचा.

यात आणखी एक मेख आहे. काही जण 'अ' टाइप करून त्यावर चंद्र देतात. दिसायला दोन्ही सारखंच, पण आत एकाऐवजी दोन क्रमांक असतात. अशा पद्धतीने लिहिलेले वकील 'अ'च्या नावांमागे, 'आ'च्या आधी लागतात आणि बाकीचे यादीच्या शेवटी. शोध घेतानाही एक प्रकार टाइप केला, तर दुसरा सापडेलच असं नाही. युनिकोडच्या मते एकच अक्षर असलेलं U+0972 हे रूप बरोबर आहे.

मग यावर उपाय?

प्रत्येक भाषेचा अक्षरक्रम सांगणाऱ्या नियमांना 'कोलेशन' म्हणतात. युनिकोडच्या 'सीएलडीआर' या माहितीसंचात मराठीसाठी असे नियम आहेत, त्यात 'ळ' हा 'ह'नंतर येतो. ॲप बनवणाऱ्याने फक्त ते मागायचे असतात. जावास्क्रिप्टमध्ये ही पहिली ओळ क्रमांकांप्रमाणे लावते, तर दुसरी मराठीप्रमाणे:

```
names.sort()
names.sort(new Intl.Collator('mr').compare)
```

इथे `'mr'` म्हणजे मराठी. अनेक ॲप्स फोनची भाषा पाहून नियम निवडतात. फोन इंग्रजीत असेल, तर नावं मराठीत असूनही मराठीचे नियम लागू होत नाहीत.

मात्र कोलेशन फक्त क्रम लावतं, साठवलेली अक्षरं बदलत नाही. दोन प्रकारे लिहिलेला 'ॲ' आधी एकसारखा करून घ्यावाच लागतो.

तुमचं ॲप कसं तपासाल?

यादीत 'काळे' आणि 'कासार' अशी दोन नावं टाका आणि क्रम लावा. 'काळे' वर आलं, तर ॲप मराठीचे नियम वापरत नाही. अशा यादीत 'क्ष'चं नाव 'क'च्या शेवटी, 'ज्ञ'चं 'ज'च्या शेवटी आणि 'ॲ'चं अगदी तळाशी शोधा. आणि नाव नाही असं ठरवण्याआधी एकदा आडनावाऐवजी पहिलं नाव टाकून सर्च करून बघा.