ऑडिटरचा ‘परंतु’

समजा, एका कंपनीने वर्षाचा नफा 5 कोटी रुपये दाखवला. पण तिच्या येण्यांत 2 कोटी रुपये एका दिवाळखोर ग्राहकाकडे अडकले आहेत आणि ते बुडीत धरलेले नाहीत. ऑडिटर तरतूद करायला सांगतो, संचालक नकार देतात. आता तो काय लिहील?

चूक मोठी आहे, पण एकाच बाबीपुरती. म्हणून तो ‘क्वालिफाइड’ मत देतो: ही बाब वगळता हिशेब खरे व वाजवी चित्र दाखवतात. कारण आणि नफा किती फुगला तो आकडाही त्याने द्यायचा असतो. अशीच लपवाछपवी साठा, कर्जे, विक्री सगळीकडे पसरली असेल, तर मत थेट प्रतिकूल. आणि आगीत दप्तरच जळाले, पर्यायी पुरावाही मिळेना, तर तो मत द्यायलाच नकार देतो. प्रतिकूल मतामागे पुरावा असतो, नकारामागे पुराव्याचा अभाव. परीक्षेत मुले नेमकी इथेच गोंधळतात.

‘लक्ष वेधतो’ असा परिच्छेद मात्र क्वालिफिकेशन नव्हे. तिथे हिशेब बरोबर असतात, फक्त एखादी टीप वाचकाने चुकवू नये इतकेच.

कंपनी कायदा 2013 च्या कलम 143 प्रमाणे त्याला कोणतीही वही मागता येते. अधिकाऱ्यांनी किंवा कर्मचाऱ्यांनी कंपनीची 1 कोटी किंवा अधिक रकमेची फसवणूक केल्याचे सबळ कारणाने वाटले, तर ते त्याला केंद्र सरकारला कळवावेच लागते. त्याहून लहान प्रकरण ऑडिट समितीकडे किंवा संचालक मंडळाकडे जाते.