पाहिजे : पूर्णवेळ वाटाड्या

‘पाहिजे : एका सुशिक्षित, निर्व्यसनी, पन्नाशीच्या गृहस्थांसाठी पूर्णवेळ वाटाड्या. कामाची वेळ : गृहस्थ चपला घालतील तेव्हापासून ते परत सापडेपर्यंत. दादर स्टेशनाचा अनुभव असल्यास प्राधान्य. मुलाखतीचा पत्ता गृहस्थांना विचारू नये.’

ही जाहिरात आम्ही फ्रेम करून मित्राला वाढदिवसाला दिली. त्यानं ती शांतपणे वाचली आणि विचारलं, “पगार कोण देणार?”

दादरची अट उगाच घातलेली नाही. हा डोंबिवलीहून येतो, जायचं असतं शिवाजी पार्कला, म्हणजे पश्चिमेला. आणि फोन येतो पूर्वेच्या स्वामिनारायण मंदिरासमोरून. “जिना चढून डावीकडेच वळलो रे, नेहमीसारखा!” खोटं बोलत नव्हता. घोळ डब्याचा होता. सीएसएमटीकडे जाणारी गाडी दक्षिणेला तोंड करून उभी राहते. पुढच्या डब्यातून उतरलं की पूल मागे राहतो. उलटं चालत, उत्तरेकडे तोंड करून जिना चढावा लागतो, तेव्हा पश्चिम डावीकडे येते. त्या दिवशी बाईसाहेबांनी दिलेला डबा सांभाळत तो मागच्या डब्यात चढला होता. पूल पुढे, तोंड दक्षिणेला, आणि पश्चिम चक्क उजवीकडे!

रस्ता लक्षात ठेवायच्या दोन रीती असतात. काहींच्या डोक्यात वरून पाहिल्यासारखा नकाशा असतो. कुठूनही आत शिरले तरी त्यांचं चालतं. काही जण वळणं पाठ करतात : डावीकडे, मग सरळ, मग उजवीकडे. सुरुवातीची जागा बदलली की ते पाठांतर कुचकामी. आमचे गृहस्थ दुसऱ्या जातीतले. कॅनडातल्या ज्युसेप्पे इयारिया या संशोधकानं 2009 मध्ये एका बाईंची नोंद प्रसिद्ध केली. मेंदूला कसलीही इजा नसताना त्या लहानपणापासून ओळखीच्या परिसरातही हरवत. आमच्या मित्राची मजल तिथवर गेलेली नाही, घरच्या गल्लीत तो बिनचूक शिरतो.

मोबाइलचा नकाशा पुलावर फारसा कामाचा नाही. निळा ठिपका तुम्ही पुलावर आहात की खाली फलाटावर, हे सांगत नाही, आणि आसपासच्या लोखंडामुळे होकायंत्राचा बाणही भरकटतो.

म्हणून आम्ही त्याला फलाटांचे आकडे शिकवले. पूर्वी मध्य आणि पश्चिम रेल्वेचे आकडे वेगवेगळे होते, त्यामुळे एक नंबरचे फलाटही दोन. डिसेंबर 2023 पासून पश्चिम रेल्वेचे 1 ते 7 तसेच राहिले आणि मध्य रेल्वेचे 8 ते 14 झाले. त्यामुळे पुलावर चालताना आकडे उतरत गेले की पश्चिम, चढत गेले की पूर्व. डावं-उजवं आठवायचंच नाही.

परवा पुलावरून त्याचा फोन आला. “नऊ... दहा... अकरा...”

“अरे, मग?”

“मग काय, वळलो. पण आता धक्के मारतायत सगळे, मीच एकटा उलटा चाललोय.”