जुन्या पुस्तकाचा भाव

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात अभियांत्रिकीचे जुने पुस्तक विकायला नेले की दुकानदार आधी आवृत्ती आणि पॅटर्न पाहतो. पुणे विद्यापीठाचा अभ्यासक्रम २०१५, २०१९, २०२४ अशा पॅटर्नने बदलत आला आहे. स्थानिक प्रकाशनांची पुस्तके त्या-त्या पॅटर्नला धरूनच निघतात, त्यामुळे पॅटर्न बदलला की कोरे पुस्तकही रद्दीच्या भावात जाते. मूलभूत संदर्भग्रंथांचे तसे होत नाही. एक आवृत्ती मागे असली तरी ती खपतात, फक्त उदाहरणांचे क्रमांक जुळत नाहीत म्हणून थोडी स्वस्त.

मग प्रत तपासली जाते. बांधणी सैल आहे का, मधली पाने सुटली आहेत का, पाण्याने पाने फुगली आहेत का, हे पाने सरसर उलटली की कळते. पेन्सिलच्या खुणा चालतात. पेनाने सोडवलेली उदाहरणे मात्र भाव पाडतात, कारण पुढच्याला सरावच करता येत नाही.

समजा, छापील किंमत ६०० रुपये आहे. चालू आवृत्तीची चांगली प्रत ३०० ला विकली जाईल असा अंदाज असेल, तर दुकानदार १८० देईल. मधल्या १२० मध्ये जागेचे भाडे, नफा आणि न खपणाऱ्या प्रतींचा तोटा येतो. बांधणी सुटलेली असेल, तर विक्री २०० वर येते आणि खरेदी १०० वर. पॅटर्न बदलण्याच्या वर्षी तर दुकानदार चांगली प्रतही घ्यायला कचरतो, म्हणून परीक्षा संपताच पुस्तक विकणे विद्यार्थ्याच्या फायद्याचे असते.